कव्हेंट्रीची गाडी नाशिकला आणायची की नाही

माझं रोजचं काम द्राक्षांचं. जानेवारी उजाडला की निफाड-दिंडोरीचे रीफर कंटेनर न्हावाशेव्याला लावायचे, कागद पुढे सरकवायचे आणि एखाद्या पेटीवर प्रश्न निघाला तर फोनला चिकटून बसायचं. आयातीचं काम कमी, त्यातही गाडीचं फारच कमी. म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये भाच्याचा इंग्लंडहून फोन आला, "मामा, मार्चमध्ये आम्ही कायमचे परत येतोय, गाडीपण आणतोय, तेवढं तुमच्याकडे," तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. आधी गाडीचे कागद मागवले.

गाडी म्हणजे टोयोटा कोरोला हॅचबॅक, १.८ लिटरची हायब्रिड. कव्हेंट्रीत ऑगस्ट २०२४ मध्ये नवी घेतलेली. तेव्हा दरपत्रकावरची किंमत २७,००० पौंड. भाचा तिकडे सहा वर्षं आहे, नात तिथेच जन्मली आणि फिरायला जायची ती याच गाडीतून. माझ्या बहिणीने, म्हणजे ताईने, शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं की गाडी बोटीने येणार. सगळ्यांचा समज एकच: इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस परत येतो, त्याला सामानावर सवलत असते, मग गाडीही त्यातच.

गोंधळ सगळा इथेच आहे. घर हलवून येणाऱ्याला टीव्ही, फ्रिज, भांडीकुंडी यांवर सूट मिळते ती बॅगेज म्हणून. पण कस्टम्स कायद्याच्या कलम २(३) मध्ये बॅगेजची व्याख्याच अशी केली आहे की मोटारगाडी त्यात येत नाही. मग घर हलवण्याच्या या सवलतीचा, म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सचा, गाडीला काही उपयोग होतो का? होतो, पण कराच्या बाबतीत नाही. त्यामुळे गाडी आणण्याची परवानगी सोपी होते, एवढंच. सलग दोन वर्षं बाहेर राहून कायमचा परतणारा माणूस, ज्याच्या ताब्यात ती गाडी तिकडे किमान एक वर्ष होती, त्याला वेगळा आयात परवाना न काढता एक गाडी आणता येते. ड्यूटी मात्र पूर्ण. आणि अशी आणलेली गाडी पुढची दोन वर्षं विकायची नाही, असा शेरा नोंदणीच्या कागदावर पडतो.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पूर्ण म्हणजे किती? इथला शिपिंगवाला म्हणाला शंभर टक्क्यांच्या आसपास."

शिपिंगवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर कोणी घर चालवू नये. त्याचा धंदा गाडी बोटीत चढवण्याचा आहे, उतरवल्यावर काय होतं त्याच्याशी त्याला घेणं नाही. मी रविवारी दुपारी कागद घेऊन बसलो.

पहिला प्रश्न असतो की कस्टम्स गाडीची किंमत काय धरणार. बहुतेकांना वाटतं, जुनी गाडी आहे, तिकडच्या बाजारात जे मिळतील तेच धरतील. तसं होत नाही. सुरुवात होते ती गाडी नवी असतानाच्या किमतीपासून आणि तिच्यातून ठरलेल्या दराने घसारा वजा होतो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के, चौथ्यापासून २ टक्के, आणि एकूण ७० टक्क्यांच्या वर नाही. गाडी ऑगस्ट २०२४ ची, फेब्रुवारी २०२६ मध्ये बोटीत चढली असं धरलं तर सहा तिमाह्या भरतात. पहिल्या चारांचे १६ आणि पुढच्या दोनांचे ६, म्हणजे २२ टक्के. २७,००० पौंडांतून २२ टक्के गेले की उरतात २१,०६०. तिकडच्या डीलरने त्याच गाडीला १८,५०० पौंड देऊ केले होते. म्हणजे बाजारात गाडी जितकी उतरली होती, तितकी कस्टम्सच्या वहीत उतरली नव्हती. या फरकावर कर भरायचा, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तिकडे खरेदीच्या वेळी भरलेला २० टक्के व्हॅट वजा होईल का, असं भाच्याने विचारलं. तो परत मिळाल्याचा कागद हातात नसेल तर तसा हिशेब मांडायचा नाही, असं मी सांगितलं.

त्यात बोटीचं भाडं आणि विमा मिळवायचा. आलेला दर १,८४० पौंडांचा होता. म्हणजे सीआयएफ किंमत २२,९०० पौंड. विनिमयाचा दर कस्टम्स वेळोवेळी जाहीर करतं, तोच लागतो. मी हिशेबापुरता पौंड १२० रुपयांना धरला. झाले २७ लाख ४८ हजार.

आता ड्यूटी. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर बऱ्याच लोकांनी ऐकलं की गाड्यांवरची ड्यूटी १२५ वरून ७० टक्क्यांवर आली. भाच्यानेही ऐकलं होतं. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. वापरलेल्या गाडीवरची मूळ ड्यूटी ७० झाली, पण त्याच वेळी तिच्यावर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसला आणि आधीचा समाजकल्याण अधिभार गेला. आधी १२५ आणि त्याच्या दहा टक्के अधिभार मिळून १३७.५ होत होते, आता ७० आणि ६७.५ मिळून तितकेच होतात. सरकारने नावं बदलली, बेरीज तीच ठेवली.

२७ लाख ४८ हजारांवर १३७.५ टक्के म्हणजे ३७ लाख ७८ हजार ५००. किंमत आणि ही ड्यूटी मिळून ६५ लाख २६ हजार ५००. आणि जीएसटी लागतो तो या बेरजेवर, नुसत्या गाडीच्या किमतीवर नाही. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवर दोनच मुख्य दर राहिले. पेट्रोल गाडी १,२०० सीसीच्या आत आणि लांबीला चार मीटरच्या आत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. कोरोला इंजिनातही बसत नाही आणि लांबीतही नाही, तिची लांबी ४.३७ मीटर. म्हणून ४० टक्के, २६ लाख १० हजार ६००.

दोन्ही मिळून कर ६३ लाख ८९ हजार १००. सीआयएफ किमतीच्या २३२.५ टक्के. गाडी बंदरातून सुटेपर्यंत ९१ लाख ३७ हजारांची होते आणि अजून ती नाशिकला पोचलेलीसुद्धा नाही.

पेठ रोडच्या आरटीओत एमएच-१५ चा नंबर घ्यायचा म्हणजे राज्याचा एकरकमी कर. आयात गाडीला तो साध्या गाडीपेक्षा चढ्या दराने लागतो, २० टक्क्यांपर्यंत, आणि तो काढताना गाडीची किंमत ड्यूटीसकट धरतात. म्हणजे करावर करावर कर. २० टक्क्यांनी धरला तर १८ लाख २७ हजार. एकूण आकडा १ कोटी ९ लाखांच्या पुढे गेला. यात तपासणीची फी, बंदरावरचं भाडं, एजंटचं मानधन आणि मुंबईहून गाडी आणण्याचा खर्च अजून धरलेला नाही. मामा आहे म्हणून माझं मानधन शून्य धरलं, तरीही.

मी भाच्याला फोन करून शेवटचा आकडा आधी सांगितला. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मामा, एक शून्य जास्त पडलंय का बघा." नव्हतं पडलं.

तरीही तो लगेच ऐकेना, आणि मला ते समजत होतं. माणूस गाडीबद्दल बोलत नसतो, सहा वर्षांबद्दल बोलत असतो. म्हणून मी पैशांचा विषय बाजूला ठेवला आणि म्हटलं, असं समज की पैसे आहेत. आता गाडी आत येऊ शकते का ते बघू.

वापरलेल्या गाडीच्या अटींची यादी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या धोरणात, प्रकरण ८७ च्या टिपांमध्ये आहे. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नको. उत्पादनाच्या, नोंदणीच्या नाही. भाच्याच्या गाडीची नोंदणी ऑगस्टची, पण बनली होती मे महिन्यात, हे कंपनीच्या कन्फर्मिटी सर्टिफिकेटवरून कळलं. त्याला अजून वेळ होता. पण शोरूमच्या आवारात सात-आठ महिने उभी राहिलेली गाडी स्वस्तात घेणाऱ्याला हा फरक बुडवू शकतो.

स्टिअरिंग उजवीकडे हवं. इंग्लंडची गाडी असल्यामुळे इथे ती सुटली. ताईच्या दिरांची दुबईतली गाडी याच एका ओळीवर निकालात निघाली होती, पुढचं काही वाचावंच लागलं नाही. अमेरिकेहून येणाऱ्यांचंही तेच होतं. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी हवा, तोही इंग्लंडचा चालतो. स्पीडोमीटर मात्र किलोमीटरमध्ये हवा आणि इंग्लंडची गाडी मैलात बोलते. भाच्याच्या गाडीत पडदा डिजिटल होता आणि सेटिंगमध्ये जाऊन एकक बदलता येत होतं, हे त्याने व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं. काट्याचा मीटर असता तर अख्खा क्लस्टर बदलावा लागला असता.

पुढची अट लोक वाचतात आणि विसरतात. गाडी आयातीनंतर किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असली पाहिजे आणि तेवढा काळ तिच्या सर्व्हिसची हमी हवी. टोयोटा नाशिकमध्ये आहे, पण कोरोलाची ही हॅचबॅक भारतात विकली जात नाही, आणि जुनी कोरोला अल्टिस बंद होऊन बरीच वर्षं झाली. पुढचा बंपर किंवा हायब्रिडचा एखादा सुटा भाग लागला तर तो बाहेरूनच येणार. ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याने स्पष्ट सांगितलं, "ऑइल आणि ब्रेक करून देतो, बाकीचं नाव घेऊ नका."

जहाजात चढण्याआधी तिकडे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून सर्टिफिकेट घ्यायचं. इकडे उतरल्यावर, कस्टम्समधून सुटण्याआधी, केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती बसते की नाही याची चाचणी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून करून घ्यायची. दोन्ही नाशिकपासून काही तासांवर. पण गाडी तोवर मुंबईत कस्टम्सच्या ताब्यात आणि तिचं भाडं दिवसागणिक चढणारं. द्राक्षांचा कंटेनर अडकला की माल खराब होतो म्हणून सगळे धावतात. गाडी अडकली की कोणी धावत नाही, ती सडत नाही ना.

आणि बंदर. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते. शिपिंगवाल्याच्या कोटेशनवर न्हावाशेवा छापलेलं होतं, कारण तिकडून निघणारे कंटेनर सवयीने तिथेच येतात. नवी गाडी असती तर चाललं असतं. ही तिथे उतरली असती तर पुढचा खोळंबा आम्हीच भोगला असता.

खरा अडसर मात्र यादीत कुठेच नव्हता. मी गाडीची मालकी दाखवणारा कागद मागितला तर भाच्याने तिकडचं नोंदणीपत्र पाठवलं, ज्याला ते व्ही-फाइव्ह-सी म्हणतात. त्या कागदावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. मी म्हटलं, मग खरेदीची पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा पाठव. तेव्हा कळलं की गाडी पीसीपीवर घेतलेली आहे. तिकडे ही पद्धत फार चालते: दरमहा हप्ता कमी, आणि शेवटी एक मोठी रक्कम. ती रक्कम भरेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीची असते. हप्ता भरणाऱ्याला ती चालवता येते, पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कायमची देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आधी उरलेलं सगळं कर्ज एकदम फेडायचं, कंपनीचं पत्र घ्यायचं, मग तिकडच्या वाहन नोंदणी खात्याला, म्हणजे डीव्हीएलएला, गाडी कायमची निर्यात झाल्याचं कळवायचं, आणि मग बोट. एक वर्षाचा ताबा त्याच्याकडे होता हे खरं, पण दुसऱ्याच्या मालकीची गाडी कस्टम्ससमोर स्वतःची म्हणून उभी करणं म्हणजे आपण होऊन प्रश्न विचारून घेणं.

ताईच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मधेच एक मार्ग सुचवला: कार्नेवर आणा, ड्यूटीच नाही. कार्ने ही तात्पुरती सोय आहे, जगप्रवासाला निघालेल्या पर्यटकाची गाडी ठरावीक काळासाठी देशात येते आणि परत बाहेर जाते. कायमच्या मुक्कामाला आलेल्या माणसाने ती वापरायची म्हणजे गाडी कधीतरी जप्त होण्याची वाट बघायची. त्या गृहस्थांना मी चहा पाजला आणि विषय बदलला.

एक गोष्ट मला स्वतःला सुचली नव्हती, ती भाच्याने विचारली. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ई-टेन लिहिलेलं आहे, चालेल ना? इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि गाडी तेवढ्यासाठी पास झालेली. आपल्याकडे पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल. गाडी लगेच बंद पडेल असं नाही, पण रबरी नळ्या, सील आणि इंधन पंपाबद्दल कंपनी काय म्हणेल आणि वॉरंटी इथे कोण मानेल, या दोन्हीचं उत्तर एकच होतं. नाशिक जिल्ह्यात ऊस होतो, इथेनॉलही होतं. गाडीला त्याचं काय कौतुक!

कोणी म्हणेल, हे साध्या गाडीचं झालं, महागडी आलिशान गाडी असेल तर परवडत असेल. मी तोही हिशेब करून पाहिला. सीआयएफ ४०,००० डॉलरच्या वर असलेल्या नव्या गाडीवर ड्यूटी आणि उपकर मिळून ११० टक्के आणि वर ४० टक्के जीएसटी, म्हणजे १०० ची गाडी २९४ ला पडते. तीच गाडी दीड वर्ष वापरून आणली तर किंमत ७८ धरली जाते, पण दर चढा, म्हणून ती २५९ ला पडते. दीड वर्षाची जुनी, वॉरंटी अर्धवट, दोन वर्षं विकता न येणारी गाडी नव्याहून जेमतेम १२ टक्क्यांनी स्वस्त. ज्याला ती गाडी हवीच आहे तो इथल्या शोरूममधून नवी घेईल.

दुसऱ्या बाजूचा हिशेब सोपा होता. इथे तशाच धाटणीची, पेट्रोल हायब्रिड, साधारण तेवढ्याच लांबीची टोयोटा हायरायडर एक्स-शोरूम २० लाखांच्या आत मिळते. १९ लाखांची धरली, त्यावर १२ टक्के रस्ता कर, विमा आणि बाकी किरकोळ, साधारण साडेबावीस लाख. तिकडे कोरोला विकून १८,५०० पौंड, म्हणजे २२ लाख २० हजार. फायनान्सची बाकी त्यातूनच जायची होती हे खरं, पण ती बाकी गाडी आणली असती तरी फेडावी लागणारच होती. खरी तुलना करायची तर गाडी आणण्याच्या खर्चात हे बुडालेले २२ लाखही धरायला हवेत. कर ६३ लाख ८९ हजार, भाडं-विमा २ लाख २१ हजार, आरटीओचे १८ लाख २७ हजार आणि विकली असती तर आलेले २२ लाख २० हजार: १ कोटी ६ लाख ५७ हजार एका बाजूला, साडेबावीस लाख दुसऱ्या बाजूला.

भाच्याच्या बायकोने हा कागद वाचला आणि ती एवढंच म्हणाली, "मामा, या फरकात गंगापूर रोडला वन बीएचके येईल." तिने बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं.

फेब्रुवारीत गाडी तिकडच्या डीलरला दिली. डीलरने फायनान्स कंपनीची बाकी परस्पर फेडली आणि उरलेले पैसे खात्यात टाकले. भाच्याला मी एक गोष्ट मात्र बजावली होती: नातीची कारसीट विकू नकोस. ती घरसामानाच्या खोक्यांत आली, तिला कोणी ड्यूटी विचारली नाही. आयसोफिक्सचे हुक इकडच्या गाडीतही तेच असतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवी गाडी दारात आली, भाच्याने मागची सीट दाबून हुक शोधले आणि ती कारसीट दोन्ही बाजूंनी खट् खट् करून बसली. नातीने आत बसून विचारलं की ही गाडी मैलात बोलते की किलोमीटरमध्ये.